पॉलिसी मोडण्याआधी एक पत्र

विमा कंपनीच्या शाखेत जाऊन "पॉलिसी मोडली तर किती मिळतील?" असं विचारलं की काउंटरपलीकडची व्यक्ती पॉलिसी नंबर टाकते, पडद्याकडे बघते आणि एक आकडा सांगते. फार तर एका चिठ्ठीवर लिहून देते. तो आकडा बहुतेक वेळा भरलेल्या पैशांपेक्षा बराच कमी असतो, आणि ऐकणारा एक तर संतापून "द्या मोडून" म्हणतो किंवा तोंड कडू करून घरी परततो. दोन्ही वेळा त्याला फक्त उत्तर कळलेलं असतं, गणित कळलेलं नसतं. वास्तविक पॉलिसी मोडावी की ठेवावी याचा निर्णय त्या गणितातच दडलेला असतो. ते लेखी मागवणं हा पॉलिसीधारकाचा हक्क आहे आणि त्यासाठी एक पानभर पत्र पुरतं.

हे सगळं मी पारंपरिक, म्हणजे बोनस मिळणाऱ्या एन्डोमेन्ट पॉलिसीबद्दल सांगणार आहे, कारण महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या कपाटांत मुख्यतः तीच असते. युलिपचा हिशोब वेगळा असतो. तिथे युनिटची किंमत रोज कळते आणि पहिली पाच वर्षं पैसे अडकलेले असतात. शुद्ध टर्म विम्यात तर सहसा मोडून मिळण्यासारखं काही नसतंच.

एक उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०१९ मध्ये घेतलेली २० वर्षांची पॉलिसी, विमा रक्कम ५ लाख, वार्षिक हप्ता २५,००० रुपये. सात हप्ते भरून झालेत, आठवा येत्या ऑगस्टमध्ये आहे. मुलीच्या शिक्षणाचा खर्च तोंडावर आलाय म्हणून घरात पॉलिसी मोडायचा विचार सुरू आहे. हप्त्यांपोटी गेले १,७५,००० रुपये. पण बँकेच्या पासबुकातली बेरीज १,७९,५०० भरते, कारण त्या काळात हप्त्यावर जीएसटी होता, पहिल्या वर्षी साडेचार टक्के आणि नंतर सव्वादोन टक्के. वैयक्तिक आयुर्विम्यावरचा हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून काढून टाकला गेला, पण आधी भरलेला परत येत नाही. सरेंडरच्या हिशोबात "भरलेले हप्ते" म्हणजे कर वगळून राहिलेले हप्ते, म्हणजे १,७५,०००. अपघात रायडरसाठी किंवा आजारपणामुळे लावलेला जादा हप्ताही सहसा त्यात धरत नाहीत. पहिली चकमक इथेच उडते. ग्राहक पासबुक दाखवतो, शाखा पडदा दाखवते, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत.

आता कंपनी दोन वेगवेगळ्या रीतींनी रक्कम काढते आणि दोहोंपैकी जी जास्त असेल ती देते.

पहिली रीत हमी सरेंडर मूल्याची. ही कंपनीच्या मर्जीवर नाही, तिचा किमान दर नियामकाने, म्हणजे विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेला आहे. चौथ्या ते सातव्या वर्षात पॉलिसी मोडली तर भरलेल्या हप्त्यांच्या किमान ५० टक्के आणि मुदतीच्या शेवटच्या दोन वर्षांत मोडली तर किमान ९० टक्के. मधल्या वर्षांचे दर पॉलिसीच्या बॉण्डाला जोडलेल्या तक्त्यात असतात. आपल्या उदाहरणात सातवं वर्ष चालू आहे, म्हणून १,७५,००० चे ५० टक्के, म्हणजे ८७,५००. त्यात जमा झालेल्या बोनसचं सरेंडर मूल्य मिळवायचं. दरवर्षी हजारी ४० रुपये बोनस जाहीर झाला असं धरू. पाच लाखांवर वर्षाला २०,००० आणि सात वर्षांत १,४०,०००. हा बोनस मुदत संपल्यावर मिळायचा असतो, म्हणून आज मागितला तर त्याचा एक अंशच मिळतो. तक्त्यात तो १६ टक्के असेल तर २२,४००. एकूण झाले १,०९,९००.

दुसरी रीत विशेष सरेंडर मूल्याची. इथे आधी पेड-अप रक्कम काढतात. २० पैकी ७ हप्ते भरले, म्हणून विमा रकमेचा तेवढाच हिस्सा, ५ लाख गुणिले ७ भागिले २०, म्हणजे १,७५,०००. त्यात जमलेला १,४०,००० बोनस मिळवला की ३,१५,००० होतात. ही रक्कम पॉलिसीधारकाच्या नावावर आत्ताच पक्की झालेली आहे, मात्र हातात पडायची ती २०३९ मध्ये. ती आज हवी असेल तर कंपनी तिला एका गुणकाने गुणते. गुणक ३६ टक्के असेल तर १,१३,४००. हा आकडा पहिल्यापेक्षा मोठा, म्हणून काउंटरवर जो सांगितला जाईल तो हा. खिशातून गेलेल्या १,७९,५०० समोर हा आकडा बघून कुणाचाही जीव तुटेल.

पण थोडं थांबून त्या ३६ टक्क्यांकडे नीट बघू, कारण या गणितातली सर्वांत बोलकी गोष्ट तीच आहे. आज १,१३,४०० घ्या, किंवा एकही हप्ता न भरता पॉलिसी तशीच पेड-अप पडू द्या आणि १३ वर्षांनी ३,१५,००० घ्या, असे दोन पर्याय कंपनी तुमच्यासमोर ठेवते आहे. पहिल्या रकमेचे १३ वर्षांत दुसरी रक्कम व्हायला वर्षाला सुमारे ८.२ टक्के चक्रवाढ लागते. आणि पुढे दिसेल तसं, या पॉलिसीच्या पैशावर कर नाही. करमुक्त ८.२ टक्के आजच्या मुदतठेवीत मिळत नाहीत. म्हणजे गुणक जितका कंजूष, तितकं पॉलिसी मोडणं महाग आणि ती पेड-अप ठेवणं फायद्याचं. हे बऱ्याच एजंटांनाही सांगता येत नाही, कारण त्यांनी गुणक कधी पाहिलेलाच नसतो.

तिसरी वाट हप्ते भरत राहण्याची. आणखी १३ हप्ते, म्हणजे ३,२५,००० भरायचे, आणि बोनसचा दर हजारी ४० टिकला तर मुदतीअखेर ५ लाख अधिक २० वर्षांचा ४ लाख बोनस, असे ९ लाख हाती येतील. पेड-अपच्या तुलनेत ५,८५,००० जास्त. या पुढच्या हप्त्यांपुरता परतावा मोजला तर तोही आठ टक्क्यांच्या आसपास येतो. गंमत अशी की पहिल्या दिवसापासून मोजलं तर हीच पॉलिसी वर्षाला सव्वापाच टक्क्यांच्या आसपासच देते. यात विरोधाभास काही नाही. सुरुवातीच्या वर्षांतल्या हप्त्यांतून कमिशन आणि खर्च वळते होऊन गेलेत, ते आता कोणत्याही वाटेने परत येणार नाहीत. घेताना वाईट असलेली पॉलिसी सात वर्षांनंतर ठेवायला बरी असू शकते. उलट दुसऱ्याच वर्षी चूक लक्षात आली असेल तर उत्तर बहुधा वेगळं निघेल. बोनसची पुढची हमी कुणीच देत नाही, हे मात्र या तिसऱ्या वाटेच्या हिशोबात धरून चालावं. पेड-अपच्या ३,१५,००० ला ही शंका लागू नाही.

शिक्षणाची फी वर्षभरापुरती भागवायची असेल तर चौथा पर्यायही आहे, पॉलिसीवर कर्ज. ते सरेंडर मूल्याच्या प्रमाणात मिळतं, सुरू असलेल्या पॉलिसीवर साधारण ९० टक्क्यांपर्यंत. आधीच असं कर्ज काढलेलं असेल तर मुद्दल आणि साचलेलं व्याज सरेंडरच्या रकमेतून कापलं जातं. व्याज सहामाही चढत जातं आणि घरात ते कुणाच्या लक्षात नसतं. हाती येणारा आकडा अपेक्षेपेक्षा फारच लहान निघाला तर पहिली शंका या कर्जाची घ्यावी.

नियम २०२४ मध्ये बदलले, आणि इथे बराच गोंधळ आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या पॉलिसींना एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावर पहिलं वर्ष संपताच विशेष सरेंडर मूल्य द्यावं लागतं. आणि ते काढताना पेड-अप रक्कम आजच्या किमतीला आणण्यासाठी कंपनीला वाटेल तो व्याजदर लावता येत नाही. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा परतावा अधिक फार तर अर्धा टक्का, इतकीच मुभा आहे. रोख्याचा परतावा साडेसहा टक्के असेल तर कंपनीला सातापर्यंत जाता येईल. सात टक्क्यांनी आपल्या उदाहरणातला १३ वर्षांचा गुणक साडेएकेचाळीस टक्क्यांच्या आसपास आला असता आणि रक्कम सुमारे १,३०,७०० झाली असती. पण आपली पॉलिसी २०१९ ची आहे. जुन्या पॉलिसीला तिच्या बॉण्डात छापलेल्या अटीच लागू राहतात, नवे दर तिला आपोआप चिकटत नाहीत. "आता नवा नियम आलाय, जास्त मिळतील" असं कुणी सांगितलं तर पॉलिसी सुरू झाल्याची तारीख बघावी.

आता कर. याबद्दल दोन टोकांचे समज आहेत. एक, विम्याचे पैसे म्हणजे करमुक्तच. दुसरा, मुदतीआधी मोडलं की कर लागतोच. दोन्ही चूक.

सरेंडरची रक्कम करमुक्त आहे की नाही हे ती मुदतीआधी मिळाली म्हणून ठरत नाही. ते ठरतं हप्ता आणि विमा रक्कम यांच्या प्रमाणावरून. १ एप्रिल २०१२ नंतर दिलेल्या पॉलिसीत कोणत्याही वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर बोनससकट सगळी रक्कम करमुक्त. १ एप्रिल २००३ ते ३१ मार्च २०१२ मधल्या पॉलिसींना ही मर्यादा २० टक्के आहे. आपल्या उदाहरणात पाच लाखांवर २५,००० म्हणजे ५ टक्के. कर नाही. त्यातून इथे तोटाच झालाय, आणि करमुक्त पॉलिसीतला तोटा पगारातून किंवा व्याजातून वजा करता येत नाही. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या पॉलिसींना आणखी एक अट आहे. अशा सगळ्या पॉलिसींचे मिळून वर्षाचे हप्ते ५ लाखांवर गेले तर सूट जाते. सामान्य घरांना ती क्वचितच लागू होते. वारसाला मृत्यूनंतर मिळणाऱ्या रकमेला यातलं काहीच लागू नाही.

दुसरा प्रश्न जुन्या वजावटीचा. ८०सी खाली हप्ते दाखवून कर वाचवला होता, तो आता परत द्यायचा का? दोन वर्षांचे हप्ते भरण्याआधीच पॉलिसी बंद केली किंवा बंद पडू दिली, तरच. तसं झालं तर आधी घेतलेली वजावट बंद केलेल्या वर्षाचं उत्पन्न म्हणून धरतात. एकरकमी पॉलिसीला ही मुदत सुरुवातीपासून दोन वर्षांची, युलिपला पाच वर्षांच्या हप्त्यांची. सात हप्ते भरणाऱ्याने याची चिंता करायचं कारण नाही.

खरा फटका बसतो तो एकरकमी पॉलिसीत. निवृत्त माणसाने जून २०२२ मध्ये बँकेतल्या अधिकाऱ्याच्या आग्रहाखातर ५ लाख एकदम भरले, विमा रक्कम सव्वापट, म्हणजे ६,२५,०००. हप्त्याचं प्रमाण ८० टक्के, त्यामुळे सूट मुळातच नव्हती, पण हे विकताना कुणी सांगितलं नाही. चार वर्षांनी मोडून ५,४०,००० मिळाले. कंपनीच्या दृष्टीने नफा ४०,०००, आणि वर्षभरात दिलेली रक्कम एक लाखाच्या वर असल्याने तिने त्या नफ्यावर २ टक्के, म्हणजे ८०० रुपये टीडीएस कापला. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासूनचा, त्याआधी तो ५ टक्के होता. पॅन जोडलेला नसेल तर थेट २० टक्के. ८०० रुपये कापले गेले म्हणजे कराचं काम झालं असं या गृहस्थांना वाटलं, तर नवल नाही. पण २० टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर उपकरासह त्यांचा कर ८,३२० होतो, बाकीचा त्यांनी स्वतः विवरणपत्रात भरायचा.

आणि तेवढ्यावरही संपत नाही. करपात्र पॉलिसीत नफा मोजताना हप्त्याचा जो भाग आधी वजावट म्हणून दाखवला होता, तो खर्च म्हणून पुन्हा वजा करता येत नाही. ८०सी मध्ये विमा रकमेच्या १० टक्क्यांपर्यंतच हप्ता चालतो, म्हणजे त्यांनी २०२२ मध्ये ६२,५०० ची वजावट घेतली असेल. ती घेतली असेल तर आज वजा करायला ५ लाख नाहीत, ४,३७,५०० च आहेत. नफा ४०,००० नाही, १,०२,५००. कर २१,३२०. कंपनीला या वजावटीचा पत्ता नसतो, म्हणून तिच्या दाखल्यावर ४०,००० च दिसतील. हिशोब तपासायचा तो आपण, जुनी विवरणपत्रं काढून.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत. ८०सी ची जागा आता कलम १२३ ने घेतली आहे. कंपनीच्या पत्रात नवा आकडा आणि एजंटाच्या तोंडी जुना असेल तर बिचकू नये. परदेशात राहणाऱ्या मुलाच्या नावावर पॉलिसी असेल तर मात्र वरचा २ टक्क्यांचा दर विसरावा, अनिवासी भारतीयांच्या करपात्र रकमेवरची कपात वेगळ्या तरतुदीने आणि बऱ्याच चढ्या दराने होते. म्हणून पत्रात निवासी की अनिवासी हे आधी लिहावं.

आता पत्र. ते असं लिहिता येईल:

प्रति,
शाखा व्यवस्थापक, पॉलिसी सेवा विभाग,
(विमा कंपनीचे नाव आणि शाखेचा पत्ता)

विषय: पॉलिसी क्रमांक ………… च्या सरेंडर मूल्याचा तपशीलवार हिशोब व करविषयक माहिती मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

मी वरील पॉलिसीचा धारक असून पॉलिसीची सुरुवात ………… रोजी झाली आहे. शेवटचा भरलेला हप्ता ………… चा आहे. मी भारतात निवासी असून माझा पॅन आपल्याकडे नोंदलेला आहे. पॉलिसीबाबत निर्णय घेण्यापूर्वी मला खालील माहिती लेखी हवी आहे. हे पत्र म्हणजे पॉलिसी सरेंडर करण्याचा अर्ज नाही. माझ्या स्वतंत्र लेखी अर्जाशिवाय पॉलिसी बंद करू नये, ही विनंती.

१. दिनांक ………… रोजीचे हमी सरेंडर मूल्य आणि विशेष सरेंडर मूल्य, दोन्ही स्वतंत्रपणे, त्यांत धरलेले हप्ते, टक्केवारी आणि गुणक यांसह. ही टक्केवारी पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार वा तक्त्यानुसार आहे, तेही कळवावे.

२. आजवर जमा झालेला बोनस वर्षवार, तो कोणत्या वर्षापर्यंत धरला आहे, आणि चालू वर्षाचा अंतरिम बोनस धरला आहे की नाही.

३. सरेंडर न करता हप्ते थांबवल्यास पेड-अप रक्कम किती, ती कधी मिळेल, आणि पेड-अप पॉलिसीला पुढे बोनस मिळतो का.

४. पुढील हप्ता भरल्यास आणि पॉलिसीचे चालू वर्ष पूर्ण झाल्यावर वरील रकमांत काय फरक पडेल.

५. पॉलिसीवर कर्ज, व्याज किंवा अन्य येणे असल्यास त्याचा तपशील, सर्व वजाती जाऊन हाती पडणारी निव्वळ रक्कम, आणि हा हिशोब कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे.

६. कराच्या दृष्टीने विमा रक्कम किती धरली आहे, वार्षिक हप्त्याचे तिच्याशी प्रमाण किती, आणि आपल्या नोंदीनुसार ही रक्कम करमुक्त आहे की करपात्र.

७. करपात्र असल्यास उत्पन्नाची रक्कम कशी काढली, टीडीएस किती आणि कोणत्या दराने कापला जाईल. तसेच आजवर भरलेल्या हप्त्यांचा वर्षवार दाखला, जीएसटी वेगळा दाखवून.

उत्तर माझ्या नोंदणीकृत ईमेलवर व पत्त्यावर पाठवावे.

आपला/आपली,
(नाव, सही, दिनांक, मोबाईल क्रमांक)

या सात मुद्द्यांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते पहिला आणि तिसरा. गुणक आणि पेड-अप रक्कम एकदा लेखी मिळाली की वर केलेला ८.२ टक्क्यांचा हिशोब बँकेत काम करणारा भाचासुद्धा पाच मिनिटांत करून देईल. चौथा मुद्दा तारखेसाठी आहे. सरेंडर मूल्य पॉलिसीचं वर्ष बदललं की उडी घेतं, आणि मुदतीच्या शेवटच्या दोन वर्षांत हमीची टक्केवारी ९० वर जाते. त्या उंबरठ्याच्या महिनाभर आधी पॉलिसी मोडणारी माणसं आहेत, कारण त्यांना ते कुणी सांगितलेलं नसतं.

"हा सरेंडरचा अर्ज नाही" हे वाक्य अनावश्यक वाटेल, पण ते काढू नका. नुसती चौकशी करायला गेलेल्याच्या हाती लगेच सरेंडरचा फॉर्म देण्याची काही ठिकाणी सवय असते. मूळ बॉण्ड या टप्प्यावर देऊ नका, झेरॉक्स पुरते. कोऱ्या पावतीवर किंवा डिस्चार्ज फॉर्मवर सही तर मुळीच करू नका. पत्र हाती दिलं तर प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, नाहीतर नोंदणीकृत ईमेलवरून पाठवा म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते.

उत्तर आलं की दोन जागा आधी बघा. बोनस मोजून पाहा. सात वर्षं भरून सहाच वर्षांचा बोनस धरलेला असेल तर शेवटच्या वर्षाचा दर अजून जाहीर झालेला नसेल, किंवा नोंद राहून गेली असेल. आपल्या उदाहरणात एका वर्षाचा बोनस सुटला तर विशेष सरेंडर मूल्य ७,२०० नी घटतं. मग भरलेल्या हप्त्यांची बेरीज पावत्यांशी ताडून पाहा. शाखा बदललेली असेल किंवा एखादा हप्ता जुन्या एजंटामार्फत रोखीने गेला असेल तर तो नोंदीत नसणं शक्य आहे. आणि उत्तरात दोन मूल्यांऐवजी पुन्हा एकच आकडा आला, तर पत्राचा क्रमांक देऊन पहिला मुद्दा पुन्हा मागा. आकडे चूक नसतात असं नाही, पण मोडून टाकलेली पॉलिसी दुरुस्त करणं फार अवघड असतं, चुकीचा हिशोब दुरुस्त करणं सोपं.

कराबाबत कंपनी कदाचित "आपल्या कर सल्लागाराला विचारा" एवढंच लिहील. तिचा नाइलाज समजण्यासारखा आहे, तुमची वजावट तिला ठाऊक नसते. पण हप्त्याचं विमा रकमेशी प्रमाण आणि टीडीएसचा हिशोब तिच्याच नोंदीत असतो, तो देण्याचं टाळायला काही कारण नाही.

एक इशारा. सरेंडरची चौकशी केली की काही दिवसांत फोन येऊ शकतो. बोलणारा स्वतःला नियामकाचा किंवा "बोनस विभागा"चा माणूस म्हणवतो, जुनी पॉलिसी मोडून नवी घेतली तर अडकलेला बोनस सुटेल असं सांगतो. नियामक कुणाला फोन करून पॉलिसी विकत नाही आणि असा अडकलेला बोनस कुठे नसतो. ओळखीचा एजंट जुनी मोडून नवी घ्यायला सांगत असेल तर नव्या पॉलिसीच्या पहिल्या वर्षाचं कमिशन त्याला मिळणार आहे, हे ध्यानात ठेवून त्याचं ऐकावं.

पत्राला उत्तरच आलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि नियामकाच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवावी. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीला आधी लेखी पत्र दिल्याचा पुरावा मात्र पहिल्याच दिवशी मागतात.